दारी फूल, तिथे गुलाल!

मंडळी, नमस्कार!

गुरुवारी १३ मार्चला होळी, शुक्रवारी धुळवड. गुलमोहराखाली मुलांच्या गुप्त बैठका सुरू झाल्यात. ए विंगच्या जिन्यात कुणीतरी पिचकारीची चाचणी घेतलेली दिसते, भिंतीवरच्या ओल्या रेघेवरून नेम बरा आहे एवढं कळतं. तेव्हा कुणी कुणाला रंगवायच्या आधी दोन गोष्टी ठरवून टाकू या.

आपल्याकडे धुळवडीच्या सकाळी काही दारं आतून कडी लावून बसतात. बेल वाजली की आतले लोक टीव्हीचा आवाज बंद करतात, घरात कुणीच नाही असं वाटावं म्हणून. कुणाच्या अंगावर लगेच पुरळ उठतं, कुणाला दमा आहे, कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालंय, कुणाकडे दीड महिन्याचं बाळ आहे, कुणाच्या घरात यंदा सण नाही. आणि कुणाला रंग नुसताच आवडत नाही. हेही कारण पुरेसं आहे. आपल्याच शेजाऱ्यांना आपल्याच सणाच्या दिवशी लपून बसावं लागतं, हे मला फार लागतं.

म्हणून यंदा उलटं करू. ज्याला रंग नको त्यानं काहीच करायचं नाही, काहीच सांगायचं नाही. ज्याला रंग हवा त्यानं मागायचा!

कसा, तर बुधवारी संध्याकाळी सहा वाजता पार्किंगमध्ये आपली बच्चेकंपनी केशरी पतंगी कागदाची पळसफुलं करणार आहे. ज्यांना रंगायचंय त्यांनी एकेक घेऊन जा आणि शुक्रवारी सकाळी दाराच्या कडीला अडकवा. खाली उतरताना तेच फूल पिनेनं छातीवर लावा. मुलांनी यावर घोषणाही तयार केलीय:

दारी फूल, तिथे गुलाल,
नसेल फूल, तर पुसा हालहवाल!

फूल नसलेल्या दाराची बेल वाजवायची नाही. जिन्यात गाठ पडली तर हात जोडून, हसून “होळीच्या शुभेच्छा!” म्हणायचं आणि पुढे व्हायचं. “काय हो, एवढंसं लावून घ्या की”, “शकुनाचं बोट तरी” ही वाक्यं यंदा घरीच कपाटात ठेवा. आणि फूल लावलेलं असलं तरी आधी विचारा, “कुठे लावू?” कपाळावर म्हटलं तर कपाळावरच. खेळता खेळता कुणी फूल काढून खिशात टाकलं, तर त्याचा खेळ तिथे थांबला. का, ते विचारायचं नाही.

एक गोष्ट खास तरुण मंडळींसाठी. पाठीमागून येऊन तोंडाला रंग फासणं, दोघांनी धरून तिसऱ्याला रंगवणं, हे फूल असो वा नसो, बंद. मुलींना आणि नव्याने राहायला आलेल्यांना हे किती नकोसं होतं, ते त्या दिवशी कुणी बोलून दाखवत नाही.

आता पाण्याचं. मार्च उजाडला की आपल्या गेटवर टँकर दिसायला लागतो आणि त्याचं बिल मेंटेनन्समध्ये दिसायला लागतं. त्यात यंदा जानेवारीत जीबीएसची साथ आपल्या सिंहगड रोडच्याच भागात आली. घराघरात पाणी उकळून गार करायला ठेवलेली पातेली अजून ओट्यावर आहेत. अशा वर्षी गाड्या धुवायचा पाइप काढून एकमेकांवर धार सोडणं बरं दिसत नाही. तेव्हा पाइप नाही, फुगे नाहीत आणि गच्चीच्या टाकीकडे जाणाऱ्या जिन्याला कुलूप. नाशिकची मंडळी आता रहाडीची, म्हणजे तिथल्या रंगाच्या पाण्याच्या हौदाची, आठवण काढतील आणि ती काढायलाच हवी. पण रहाडीतला धप्पा १९ तारखेला रंगपंचमीला नाशिकला जाऊनच घ्या, आपल्या टाकीत नको!

पण पिचकारी हातात घेऊन जन्माला आलेल्या चिमुरड्यांचं काय? त्यांचा विचार केलाय. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आरओ आहे. पिण्याचं पाणी गाळताना त्यातून जे बाहेर पडतं ते सरळ सिंकमध्ये जातं. त्या पांढऱ्या नळीचं तोंड उद्यापासून बादलीत सोडा. भरलेल्या बादल्या शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत बागेतल्या निळ्या ड्रममध्ये ओता. जेवढं जमेल तेवढ्या पाण्यात पहिलीपर्यंतची मुलं खेळतील. ड्रम संपला की खेळ संपला, नळ उघडून भरायचा नाही. त्या पाण्यात रंग कालवायचा नाही. हे पाणी पिण्याचं नाही, म्हणून पिचकारी गळ्याच्या खालीच. हिरवळीवरच खेळायचं, म्हणजे फरशी निसरडी होणार नाही आणि पाणी मातीत मुरेल.

मोठ्यांसाठी सुका गुलाल आणि घरचे रंग. बेसनात हळद मिसळली की छान पिवळा होतो, पण कपड्यावरचा हळदीचा डाग चिवट असतो, म्हणून जुनेच कपडे घाला. गंमत बघायची असेल तर हळद लागलेल्या हातावर साबण लावा, पिवळ्याचा लाल होतो. मुलांना हे आधी सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू दे! पळसाची वाळलेली फुलं मी मंडईतून काष्ठौषधीच्या दुकानातून आणलीत. गुरुवारी रात्री एका पातेल्यात भिजत घालणार. सकाळपर्यंत पाण्याला असा केशरी रंग चढतो की बाजारातली कुठलीही पुडी त्याच्यापुढे फिकी. ते एकच पातेलं आपल्या सगळ्यांचं. त्यात हात बुडवून जुन्या पांढऱ्या चादरीवर पंजे उमटवायचे. चादर क्लबहाउसच्या भिंतीवर टांगू. ज्यांना अंगाला रंग नको त्यांनाही पंजा उमटवावासा वाटला तर हात धुवायला तांब्याभर पाणी आणि नॅपकिन शेजारीच असेल.

चंदेरी, सोनेरी आणि ऑइलपेंटसारखे रंग कुणी आणू नका. गेटवरच्या मोतीला आणि मांजरांना रंग लावायचा नाही. ती अंग चाटून साफ करतात आणि सगळं पोटात जातं.

होळीबद्दल थोडंसं. गुरुवारी संध्याकाळी साडेसातला मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात पेटवू. धूर वाऱ्याने बी विंगकडे जातो, म्हणून दमा असलेल्यांनी आणि लहान बाळं असलेल्यांनी सात ते साडेआठ त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. होळी लहानच असेल: गोवऱ्या आणि बागेत पडलेल्या वाळक्या काटक्या. जिवंत फांदी एकही तोडायची नाही, टायर, प्लॅस्टिक, जुनं फर्निचर तर नाहीच. अंधश्रद्धा निर्मूलन समिती वर्षानुवर्षं सांगत आलीय, “होळी लहान करा, पोळी दान करा.” मला ते मनापासून पटतं. नैवेद्याची एक पोळी अग्नीला, बाकीच्या टेबलावर ठेवलेल्या मोठ्या डब्यात. हा डबा रात्रीच मागच्या बांधकामावरच्या मजुरांच्या घरी जाईल. पोळ्या त्याच दिवशीच्या हव्यात, तूप लावलेल्या आणि दुमडून कागदात ठेवलेल्या. कटाची आमटी देणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात द्या.

बोंबा मारायला पूर्ण परवानगी, नऊ वाजेपर्यंत! होळीला बोंब नाही मारली तर होळी कसली. नऊनंतर मात्र सगळं शांत. दहावीचे पेपर १७ मार्चपर्यंत आहेत आणि बारावीचे १८ पर्यंत. आपल्या पोरांचं वर्षभराचं कष्टाचं काम शेवटच्या पेपरांवर आलंय. शुक्रवारीसुद्धा गाणी दहा ते साडेबारा आणि खिडकीशी बसून वाचणाऱ्याला त्रास होणार नाही एवढ्याच आवाजात. परीक्षार्थींनो, १८ तारखेनंतर तुमच्यासाठी एक पुडी गुलाल बाजूला काढून ठेवतेय, तेव्हा या हक्कानं.

साडेबारालाच का थांबायचं? एक तर ऊन. दुसरं म्हणजे शुक्रवार आहे आणि रमजान चालू आहे. दुपारच्या नमाजला पांढरे कपडे घालून निघणारे आपले शेजारी गेटपर्यंत निश्चिंतपणे चालत जायला हवेत. सकाळपासूनच लिफ्ट, लॉबी आणि गेटपर्यंतचा रस्ता या जागा रंगाशिवाय ठेवू, कामावर आणि दवाखान्यात जाणाऱ्यांनाही तेच सोयीचं. रोजे असलेल्या घरांचा पोळ्यांचा डबा गुरुवारी रोजा सोडायच्या वेळेआधी पोचता होईल, ते माझ्याकडे लागलं.

आणि आपले वॉचमन काका, झाडूकाम करणाऱ्या मावशी, दूधवाले, कुरियरवाले पोरगे. ते कामावर असतात, नको म्हणता येत नाही म्हणून ते हसून सहन करतात. त्यांच्यावर एक कणही टाकू नका, त्यांनी स्वतः फूल मागितलं तरच. मावशींना शुक्रवारी सुट्टी द्यायचं ठरलंय, म्हणून पार्किंग आपणच झाडायचं आहे. कोरडा रंग आधी झाडून घ्यायचा, मग ओलं फडकं. एक वाजता झाडू घेऊन कोण कोण येतंय? आठ जण तरी हवेत.

घरी गेल्यावर अंग आधी कोरड्या टॉवेलने झटका, केस उलटे करून झाडा, मग अंघोळ. सकाळीच खोबरेल तेल चोपडून खाली उतरलात तर एका बादलीत काम होतं. शॉवर त्या दिवशी विश्रांतीला!

ज्यांना रंग खेळायचा नाही पण माणसांत यायचंय, त्यांची खरी मैफल क्लबहाउसमध्ये आहे. सकाळी साडेदहापासून गाण्याच्या भेंड्या, थंडाई (भांग अजिबात नाही), कैरीचं पन्हं, आणि डी विंगच्या आजींच्या हातच्या करंज्या. आत येणाऱ्याने दाराशी रंग झटकून, हात पुसून यायचं. तिथे कुणी कुणाला रंग लावणार नाही, हा माझा शब्द. आजींना जिना उतरायला त्रास होतो, तर त्यांना आणायला दोन मुलं साडेदहाला वर जातील.

आता मला बुधवारी रात्री आठपर्यंत एवढं कळवा: तुमच्याकडून किती पोळ्या येतील, आरओच्या पाण्याच्या किती बादल्या, आणि झाडायला कोण. पुरण वाटायला पाटा हवा असेल तर माझा घेऊन जा, तो जड आहे, न्यायला दोघे या. यात काही राहिलं असेल, कुणाला एखादी अडचण सगळ्यांसमोर सांगायची नसेल, तर मला एकटीला फोन करा किंवा सरळ घरी या. चहा टाकते.

होळी रे होळी, पुरणाची पोळी!

तुमची,
सी विंग, तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण
सोमवार, १० मार्च २०२५