लेसरच्या साहाय्याने दोन फटींमधील अंतर काढणे : प्रस्तावना व सिद्धांत

सांगलीतील आमच्या महाविद्यालयाच्या अंधाऱ्या खोलीत केलेल्या या प्रयोगाचा उद्देश, काचपट्टीवरील दोन समांतर फटींच्या मध्यांमधील अंतर d हे पडद्यावर उमटणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांवरून काढणे हा आहे. थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशाच्या तरंगस्वरूपाच्या बाजूने मांडलेले व्यतिकरणाचे तत्त्वच येथे वापरले आहे. सोडियम दिव्यावर बायप्रिझमचा प्रयोग करताना प्रकाश कलासंबद्ध व्हावा म्हणून आधी एक अरुंद फट जुळवत बसावी लागते. हीलियम-निऑन लेसरचा झोत मुळातच कलासंबद्ध आणि जवळजवळ एकवर्णी (λ = 632.8 nm) असल्याने तो सरळ दोन्ही फटींवर टाकता येतो.

फटींतून निघालेले तरंग θ कोनात जाताना त्यांच्यात d sin θ इतके पथांतर पडते. हे पथांतर तरंगलांबीच्या पूर्ण पटीत असेल तेथे दोन्ही तरंगांचे शिखरावर शिखर येऊन तेजस्वी पट्टा दिसतो, तर अर्धी तरंगलांबी कमीजास्त झाली की काळा. म्हणून तेजस्वी पट्ट्यांसाठी

d sin θ = mλ, m = 0, ±1, ±2, …

पडदा D अंतरावर असून कोन लहान असल्यास sin θ ≈ tan θ = y/D धरता येते. त्यामुळे m व्या पट्ट्याचे मध्यापासूनचे अंतर y = mλD/d येते आणि लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतर β वरून

d = λD/β

हे सूत्र मिळते. पट्टीवर d = 0.25 mm असे छापलेले आहे. D = 2 m ठेवल्यास β सुमारे ५ मिमी यावा; चौथ्या पट्ट्याचा कोनही जेमतेम ०.०१ रेडियन असल्याने वरील सन्निकटनातील चूक नगण्य आहे. समांतर किरणांचे गृहीतकही टिकते, कारण त्यासाठी D हे d²/λ च्या, म्हणजे येथे सुमारे १० सेंमीच्या, तुलनेत बरेच मोठे असावे लागते.

मात्र सर्व पट्टे सारखे तेजस्वी नसतात. प्रत्येक फटीला स्वतःची रुंदी a असते आणि तिच्यातील विवर्तनामुळे a sin θ = nλ (n = ±1, ±2, …) या दिशांना प्रकाश पोहोचतच नाही. आमच्या पट्टीवर a = 0.05 mm, म्हणजे d/a = 5, असल्याने पाचवा पट्टा गाळलेला दिसावा. पट्ट्यांमधील अंतर d ठरवते आणि तेजाचा चढउतार a ठरवते. हा भेद ध्यानात न ठेवल्यास पाचव्या स्थानावरील अंधार हा दोन पट्ट्यांमधला नेहमीचा काळा भाग समजून मोजणी एकाने चुकते आणि β फुगतो.

याच कारणास्तव, आणि एकेक पट्टा मोजण्यातली मोठी सापेक्ष चूक टाळण्यासाठी, मध्याच्या दोन्ही बाजूंच्या चौथ्या पट्ट्यांमधील अंतर मोजून त्यास आठने भागले आहे. सुमारे ४० मिमीच्या या अंतरात अर्ध्या मिमीची चूक धरली तरी β मध्ये सव्वा टक्क्याची अनिश्चितता येते, तर D मध्ये मीटरटेपच्या २ मिमीमुळे केवळ ०.१ टक्का, म्हणून d ची अचूकता मुख्यतः पट्ट्यांच्या मध्यावर केलेल्या पेन्सिलीच्या खुणांवर अवलंबून राहते.