करार मुदतीआधी संपवून गावी परतण्याबाबत, तसेच ग्रॅच्युइटी व परतीच्या तिकिटाबाबत अर्ज

शारजा, दि. 11 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. मालक साहेब,
फॅब्रिकेशन वर्कशॉप, शारजा

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी संतोष रामनाथ शिंदे, पाइप फॅब्रिकेटर, मु. पो. निफाड, जि. नाशिक. ऑफिसात इंग्रजी अर्ज आजच दिला आहे. पण तुम्ही आपल्याच भागातले, म्हणून सविस्तर मराठीत लिहितो. इंग्रजीत चार ओळींत सगळं बसवलं की माणूस उगाच भांडायला उठल्यासारखा वाटतो.

मी 11 सप्टेंबर 2022 ला कामावर रुजू झालो. दुसरा करार सप्टेंबर 2026 पर्यंत आहे, पण मला तो वर्षभर आधी सोडावा लागतोय. करारात तीस दिवसांची नोटीस आहे. ती उद्यापासून धरावी, म्हणजे 10 सप्टेंबर हा माझा शेवटचा दिवस होईल. तोवर एकही खाडा करणार नाही. टाकीच्या लाइनचं जे काम अंगावर आहे ते पुरं करून देईन आणि नव्या पोराला ड्रॉइंग वाचायलाही बसवीन.

कारण घरचं आहे. जुलैत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता बोलतात, पण हातात कात्री धरवत नाही. आमची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे आणि ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आलीय. पेठ-सुरगाण्याचे मजूर छाटून देतील हो, पण कुठल्या काडीवर किती डोळे ठेवायचे हे सांगायला घरचा माणूस उभा लागतो. पुढे पेस्ट लावणं, मग पाऊस पडला की डावणीच्या भीतीने रात्री-बेरात्री फवारणी. आई एकटी काय काय बघणार? सोसायटीचं कर्जही त्याच बागेवर आहे. महिना-दोन महिन्यांच्या रजेने हे भागणारं नाही, म्हणून रजा मागत नाही.

आता हिशेब. माझा मूळ पगार 1500 दिरहम, म्हणजे दिवसाला 50. इथल्या 2021 च्या 33 क्रमांकाच्या कामगार कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी मिळते. तीन वर्षांचे 3150 दिरहम होतात. मेसमध्ये काही जण सांगतात की स्वतःहून सोडलं तर ती कापतात. ती जुन्या कायद्यातली गोष्ट, आता तसं नाही. शिल्लक रजा 22 दिवस, त्याचे 1100. सप्टेंबरच्या दहा दिवसांचे भत्त्यासह 2100 च्या हिशेबाने 700. जुलैचा 32 तासांचा ओव्हरटाइम अजून आलेला नाही. दुपारच्या उन्हाच्या सुट्टीमुळे आपण संध्याकाळी थांबत होतो, तोच हा. सव्वापट दराने त्याचे 250. एकूण 5200 दिरहम. ऑगस्टचा पगार नेहमीप्रमाणे वेगळा. टाइमशीटच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत, फोरमनच्या सह्या आहेत.

तिकिटाचं मात्र स्पष्ट लिहितो. काम मी सोडतोय, तर तिकीट तुझं तू काढ, असं ऑफिस म्हणेल, आणि कायद्यात त्यांना तसा आधार सापडेलही. पण माझ्या करारात दर दोन वर्षांनी जाण्या-येण्याचं तिकीट लिहिलेलं आहे. त्यातलं एक वर्ष मी पुरं केलंय. येण्याचं मला नकोच. फक्त जाण्याचं, शारजा ते मुंबई, तेवढं कंपनीने द्यावं. अर्धं वर्ष नव्हे, अर्धा करार भरलाय, त्याचं अर्धं तिकीट मागतोय. भरती नाशिकला झाली होती, तरी मुंबईहून पुढची एसटी मी माझी बघेन. सातपूरला तुम्ही स्वतः माझ्याकडून दोन पाइपांचा जोड करून घेतला होतात आणि तो कापून आतून बघितला होतात. तेव्हा तिकिटाचं तोंडी जे म्हणालात तेही आठवत असेल.

कायद्याने पैसे चौदा दिवसांत द्यायचे असतात, पण मी निघण्याआधीच खात्यात यावेत ही विनंती. व्हिसा रद्द झाला की पगाराचं कार्ड बंद पडतं, मग निफाडहून फोन करत बसायचं. ‘सर्व रक्कम मिळाली’ या कागदावर सही रक्कम जमा झाल्यावरच करीन. राग मानू नये. ऑफिसात ठेवलेला पासपोर्ट 5 सप्टेंबरपर्यंत मिळावा आणि अनुभवाचा दाखला द्यावा. दाखल्यावर वेल्डिंग आणि पाइप फॅब्रिकेशन दोन्ही लिहावं, म्हणजे बाग सांभाळून अंबडला काम मिळालं तर उपयोगी पडेल.

मंत्रालयाच्या दारात जायची वेळ आपल्या दोघांवर येणार नाही, असं धरून चालतो. 20 ऑगस्टपर्यंत ऑफिसकडून लेखी उत्तर मिळावं, म्हणजे तिकिटाची तारीख ठरवता येईल.

आपला विश्वासू,
संतोष रामनाथ शिंदे
पाइप फॅब्रिकेटर

सोबत: कराराची प्रत, जुलैच्या टाइमशीट, वडिलांच्या दवाखान्याचे कागद