वाढ मंदावली असताना व्याजदर का वाढवले: पणजीतील नागरिक सभेत रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे भाषण

नमस्कार.

पतधोरण समितीने रेपो दर, म्हणजे आम्ही बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देतो तो दर, पाव टक्क्याने वाढवला आहे. धंदा आधीच थंड, त्यात कर्ज महाग का करता, असे पणजीच्या व्यापाऱ्यांनी मला काल विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर तुमच्यासमोर उभे राहून देतो.

बेळगावहून येणारी भाजी पावसात नासली किंवा जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बांगडा महागला, तर व्याजदर वाढवून भाजी पिकत नाही की मासळी जाळ्यात येत नाही. हे आम्ही जाणतो. पण महागाई महिनोन्‌महिने रेंगाळली की खानावळीत थाळीचा दर चढतो, मग टॅक्सीचे भाडे, मग खोलीचे. पुढे सगळे महागणारच असे धरून जो तो आजच भाव वाढवतो. आम्हाला रोखायचे आहे ते हे. उशीर केला तर पाव टक्क्यावर भागत नाही. मे 2022 च्या सुरुवातीला 4 टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा टक्क्यांवर न्यावा लागला होता.

2016 च्या कायदादुरुस्तीने आमच्यावर किंमत स्थैर्याची जबाबदारी टाकली, तीही विकासाचे भान ठेवून. लक्ष्य 4 टक्के, दोन्ही बाजूंना 2 टक्क्यांची मुभा. वाढ मंदावली आहे म्हणूनच आम्ही अर्धा नव्हे, पाव टक्का निवडला.

आता ज्यांच्याविषयी मला सर्वाधिक वाटते, त्यांच्याबद्दल. म्हापशाच्या बाजारात पिशवी घेऊन फिरणाऱ्या पेन्शनरवर कर्ज नसते, पण त्याला पगारवाढही मिळत नाही. महागाई 7 टक्के राहिली तर त्याच्या शंभर रुपयांत दहा वर्षांनी आजच्या जेमतेम 51 रुपयांचा माल येईल. 4 टक्के राहिली तर सुमारे 68 रुपयांचा. हा फरक कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो, म्हणून त्याचा मोर्चा निघत नाही.

कर्जदारांवर बोजा पडेल, तो मी लपवणार नाही. 30 लाखांच्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर साडेआठवरून पावणेनऊ झाला, तर हप्ता सुमारे 475 रुपयांनी वाढतो. ज्याने मोसमाच्या भरवशावर गाडी घेतली आहे, त्याला अशी वाढ जड जाते. गुंतवणूक पुढे ढकलली जाईल, काही नोकऱ्या उशिरा निघतील. हे सगळे तोलून आम्ही निर्णय घेतला.

एक हक्क मात्र लक्षात ठेवा. ऑगस्ट 2023 च्या आमच्या सूचनेनुसार, बदलत्या दराच्या गृहकर्जाचा दर नव्याने ठरताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी बँकेने तुम्हाला द्यायची आहे. न विचारता मुदत लांबवली असेल तर शाखेत लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे या.

आता तुमचे प्रश्न घेतो.