राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी झालेली निवड रद्द करून जागा प्रतीक्षा यादीतील उमेदवारास देण्याबाबत

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. आयुक्त,
समाज कल्याण आयुक्तालय, महाराष्ट्र राज्य,
३, चर्च पथ, पुणे ४११००१

विषय : राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सन २०२५-२६. एम.एस्सी. हायड्रोजिऑलॉजी, बर्मिंगहॅम विद्यापीठ, यासाठी झालेली निवड स्वेच्छेने सोडत असल्याबाबत.

अर्जदार : वैशाली बाबासाहेब कांबळे, मु. पो. महूद, ता. सांगोला, जि. सोलापूर

महोदय,

वरील योजनेत पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाल्याचे पत्र मला गेल्या आठवड्यात मिळाले. त्याबद्दल आपले आणि निवड समितीचे मनापासून आभार. पूर्ण विचार करून मी ही शिष्यवृत्ती न घेण्याचा निर्णय घेतला आहे. माझी निवड रद्द करावी आणि ही जागा प्रतीक्षा यादीतील पुढच्या उमेदवाराला लवकरात लवकर द्यावी, अशी विनंती आहे.

कारण असे. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेतील भूजल आणि जागतिक बदल या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीही मी अर्ज केला होता. तिथे माझे नाव राखीव यादीत होते आणि शिष्यवृत्ती मिळेल अशी आशा मी जवळजवळ सोडली होती. जुलैच्या अखेरीस त्यांच्याकडून शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाल्याचे कळले. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन अशा तीन ठिकाणी होतो. फी भरावी लागत नाही आणि राहण्या-जेवणासाठी दरमहा १,४०० युरो मिळतात. म्हणजे माझा खर्च दुसरीकडून भागणार आहे. अशा वेळी महाराष्ट्र शासनाची शिष्यवृत्ती अडवून ठेवणे मला पटत नाही. शिवाय अर्जासोबतच्या हमीपत्रात मी दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती घेणार नाही असे लिहून दिले आहे आणि ते मला पाळायचे आहे.

पैसा हे मात्र या निर्णयाचे मुख्य कारण नाही. बर्मिंगहॅमचा अभ्यासक्रम भूजलशास्त्रात नावाजलेला आहे आणि तो सोडताना मला जड जाते आहे. सोलापूर विद्यापीठातून भूविज्ञानात एम.एस्सी. केल्यानंतर मी सांगोला आणि मंगळवेढा तालुक्यांत निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजण्याच्या कामावर कंत्राटी सहायक होते. टेप विहिरीत सोडून पातळी लिहून घ्यायची, हे काम साधे दिसते. पण मे महिन्यात कोरड्या पडलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहिले की शेजारच्या डाळिंबाच्या बागेत चालू असलेल्या बोअरचा आवाज ऐकू येतो आणि हे पाणी नेमके कुठून येते, किती वर्षे पुरेल, असा प्रश्न पडतोच. आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे एका विहिरीचा हिशेब दुसरीला लागू पडत नाही. पाऊस बदलतो आहे, त्याबरोबर या थरांत मुरणारे पाणी कसे बदलेल, हे मला शिकायचे आहे. इरॅस्मसच्या अभ्यासक्रमाचा सगळा रोख याच प्रश्नावर आहे आणि प्रबंधासाठी पूर्ण सत्र राखून ठेवलेले आहे. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात एवढी सवड मिळाली नसती.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र घाईने लिहीत आहे ती. राज्यभरातून या योजनेत दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात. त्यातली एक जागा माझ्यामुळे काही दिवसही अडकून राहू नये. ब्रिटनमधील बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतात. व्हिसाच्या अर्जाला शिष्यवृत्तीचे पत्र जोडता आले नाही, तर फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम बँक खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. ज्यांच्यासाठी ही योजना आहे त्या घरांत एवढी रक्कम अठ्ठावीस दिवस सोडाच, एक दिवसही नसते. प्रतीक्षा यादीतला जो कोणी पुढचा आहे, तो आज फोनकडे डोळे लावून बसलेला असणार. त्याला किंवा तिला आदेश ऑगस्टच्या मध्यापर्यंत मिळाला, तर यंदाचे वर्ष वाचेल. म्हणून पत्राची प्रत आजच ईमेलने पाठवत आहे आणि मूळ प्रत स्पीड पोस्टने. सही पडताळण्यासाठी किंवा जबाब देण्यासाठी समक्ष येणे आवश्यक असेल, तर आपण सांगाल त्या दिवशी मी पुण्याला येईन.

मला योजनेतून अद्याप कोणतीही रक्कम मिळालेली नाही. विमान तिकीट काढलेले नाही आणि विद्यापीठालाही आपल्याकडून फी गेलेली नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठाला प्रवेश सोडत असल्याचे मी आजच कळवले आहे. निवडपत्राची मूळ प्रत सोबत परत करत आहे.

एक विनंती आहे. हमीपत्रावर माझे मामा आणि माझ्या माध्यमिक शाळेतील एक निवृत्त शिक्षक जामीनदार आहेत. मामांनी त्यासाठी आपल्या दीड एकराचा सातबारा जोडला आहे. निवड रद्द झाल्यावर दोघांचीही जबाबदारी संपली, असे त्यांना लेखी कळवावे आणि कागदपत्रे परत करण्यासारखी असतील तर ती त्यांच्या पत्त्यावर पाठवावीत. पत्राविना मामांच्या मनातली धाकधूक जाणार नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

आपल्या कार्यालयातील ज्या कर्मचारी ताईंनी माझा अर्ज तपासला त्यांचे आभार मानल्याशिवाय राहवत नाही. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘बाबासो’ आणि जात वैधता प्रमाणपत्रावर ‘बाबासाहेब’ असल्याने माझा अर्ज त्रुटीत निघाला होता. मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः फोन करून कोणते प्रतिज्ञापत्र लागेल, कोणत्या नमुन्यात लागेल, हे सांगितले. तो फोन आला नसता तर माझा अर्ज तिथेच थांबला असता. कृपया त्यांच्यापर्यंत हे पोहोचवावे.

माझे आजोबा, आईचे वडील, कोल्हापूरच्या मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये राहून सातवीपर्यंत शिकले. शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली सुरू झालेल्या त्या वसतिगृहामुळे आमच्या घरात पहिल्यांदा पाटी आली. त्याच राजर्षींच्या नावाची शिष्यवृत्ती नातीला मिळाली हे कळल्यावर आईने निवडपत्र दोनदा वाचायला लावले. ही जागा मी सोडते आहे हे तिला सांगितले तेव्हा तिने फक्त एवढेच विचारले, की मग ती आता कुणाला मिळेल. आपल्याच यादीतल्या कुणाला तरी, असे मी सांगितले आणि तिला ते पटले.

निवड रद्द झाल्याचे पत्र किंवा ईमेल मिळावा, ही विनंती. मी ५ सप्टेंबरपर्यंत महूदला आहे. त्यानंतर ईमेलवर संपर्क होऊ शकेल. अर्जात दिलेला ईमेल आणि आईचा मोबाईल क्रमांक कायम आहेत.

आपली विश्वासू,

(सही)
वैशाली बाबासाहेब कांबळे

सोबत : मूळ निवडपत्र, इरॅस्मस मुंडस प्रवेशपत्राची साक्षांकित प्रत, बर्मिंगहॅम विद्यापीठास पाठवलेल्या ईमेलची प्रत, आधार कार्डाची प्रत.

प्रत माहितीसाठी : मा. सहायक आयुक्त, समाज कल्याण, सोलापूर.