करारपत्र : मासिकाच्या नव्या मांडणीचे काम

हा करार मासिकाचे प्रकाशक (पुढे ‘आम्ही’) आणि फ्रीलान्स डिझायनर (पुढे ‘तुम्ही’) यांच्यात होत असून दोघांच्या सह्या झाल्या त्या दिवसापासून तो लागू राहील. सोबतचे मान्य दरपत्रक या कराराचाच भाग आहे.

१. कामाची व्याप्ती
शीर्षकाची अक्षररचना, मुखपृष्ठाचा साचा आणि आतल्या पानांचे ५ साचे : अनुक्रमणिका, लेख, कथा, मुलाखत, कविता. कवितेचा साचा स्वतंत्रच हवा. गद्याच्या रकान्यात कवितेच्या ओळी नको तिथे तुटतात आणि ते आम्हाला चालणार नाही. दर महिन्याचा अंक लावणे, मुद्रितशोधन, जाहिराती आणि वेबसाइट यात येत नाही.
नमुना मजकूर मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही २ कच्चे आराखडे द्याल. त्यातला एक आम्ही निवडल्यावर ३० दिवसांत पूर्ण काम द्याल. मजकूर द्यायला आम्हाला उशीर झाला, तर मुदत तेवढीच पुढे जाईल.

२. बदल
निवडलेल्या आराखड्यावर बदलांच्या ३ फेऱ्या ठरलेल्या रकमेत होतील. आमच्याकडच्या सगळ्यांच्या सूचना एकत्र करून संपादकांनी एका ईमेलने पाठवलेली यादी, म्हणजे एक फेरी. फोनवर किंवा चॅटवर कोणी काही सुचवले, तर ते करण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘जरा वेगळे करून बघा’ असे आम्ही लिहिणार नाही. कोणत्या पानावर काय खटकते ते नेमके सांगू. जोडाक्षर फुटणे, समास चुकणे अशा तुमच्याकडच्या चुकांची दुरुस्ती फेरीत मोजली जाणार नाही. निवडलेला आराखडाच बदलायचा ठरला, तर ते नवे काम. त्याचा दर लेखी ठरल्याशिवाय तुम्ही ते सुरू करू नये.

३. मोबदला
४० टक्के सही करताना, ३० टक्के आराखडा निवडल्यावर, ३० टक्के अंतिम मंजुरीनंतर. प्रत्येक बिल १५ दिवसांत चुकते करू.

४. मालकी
पूर्ण रक्कम मिळताच मंजूर कामाचे सर्व कॉपीराइट हक्क जगभरासाठी आणि हक्कांच्या संपूर्ण मुदतीसाठी आमच्याकडे येतील. छापील अंक, डिजिटल अंक आणि पुस्तकरूप संकलने यांत ते वापरता येईल. तोपर्यंत हक्क तुमचेच राहतील आणि आम्ही काहीही छापणार नाही. हक्क आल्यावर ७ दिवसांत इनडिझाइनच्या मूळ फाइल्स द्याल. नुसत्या पीडीएफवर पुढचा अंक लावता येत नाही.
नाकारलेला आराखडा तुमचाच राहील. फॉन्ट इतरांच्या मालकीचे असल्याने त्यांचे परवाने आम्ही आमच्या नावाने, आमच्या खर्चाने घेऊ. पहिला अंक निघाल्यावर हे काम तुम्ही आपल्या पोर्टफोलिओत दाखवू शकता. प्रत्येक अंकाच्या श्रेयनामावलीत ‘मांडणी संकल्पना’ म्हणून तुमचे नाव राहील.

५. काम मध्येच थांबल्यास
कोणीही ७ दिवसांची लेखी सूचना देऊन थांबू शकते. झालेल्या कामाचा हिशोब टप्प्यांप्रमाणे होईल. आम्ही थांबवले, तर सहीच्या वेळची रक्कम परत मागणार नाही. तुम्ही थांबवले, तर न झालेल्या कामापोटी घेतलेली रक्कम परत कराल.

कराराच्या २ प्रती केल्या असून प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आहेत.