तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसचा कूलिंग लोड रिपोर्ट (चिकलठाणा एमआयडीसी, छत्रपती संभाजीनगर)

साहेब, तुम्ही म्हणलात सरळ भाषेत लिहा, म्हणून आकडे आणि त्यामागचं कारण दोन्ही एका जागी लिहून पाठवायलोय. पाहणी 12 आणि 13 मे ला केली, दोन्ही दिवस दुपारी 3 ते 5 मी स्वतः मजल्यावर होतो. उत्तर आधीच सांगून टाकतो, पश्चिमेच्या काचेला ऊन अडवणारी फिल्म लावली तर लोड, म्हणजे एसीनं बाहेर काढायची उष्णता, 14 टन, नाही लावली तर साडेपंधरा. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. आधीच्या ठेकेदारानं जे 26 टन सांगितलंय ते 120 स्क्वेअर फुटाला एक टन या हिशोबानं आलंय, 3200 भागिले 120 केलं की झालं, त्यात ना काच मोजली ना माणसं.

जागा आधी बघा. 80 बाय 40 फूट म्हणजे 297 चौरस मीटर, स्लॅबपर्यंत उंची 3.3 मीटर, वर डायरेक्ट गच्ची. पश्चिमेला रस्ता आणि सगळी मोठी काच, उत्तरेला लहान खिडक्या, पूर्वेला लिफ्ट, जिना आणि टॉयलेटची लॉबी जिथं एसी नाही, दक्षिणेला शेजारचं ऑफिस चिकटून आहे आणि त्यांचा एसी दिवसभर चालू असतो, म्हणून त्या भिंतीचा लोड शून्य धरला. बाहेर 41 डिग्री ड्राय बल्ब, म्हणजे साधं तापमान, आणि 23 वेट बल्ब, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, आत 24 डिग्री आणि 50 टक्के आर्द्रता. वेळ मेची, दुपारी 4 ची. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर आहे म्हणून हवा उलशी विरळ, त्यासाठी फ्रेश एअरच्या, म्हणजे बाहेरून आत घ्यायच्या ताज्या हवेच्या, आकड्याला 0.935 नं गुणलंय. हे बरेच जण सोडून देतात.

माणसं. प्लॅनवर 56 खुर्च्या आहेत, पण तुमच्या एचआर मॅडमनी दोन महिन्यांचं हजेरीचं शीट दिलं त्यात एकाही दिवशी 50 च्या वर आकडा नाही. मी 50 स्टाफ आणि 4 पाहुणे असे 54 धरले. कॉन्फरन्स रूममधले 12 जण वेगळे धरले नाहीत, कारण ते आपल्याच खुर्चीवरून उठून तिथं जातात, एकच माणूस दोन ठिकाणी मोजायचा नाही. बसून काम करणाऱ्या माणसाचे 75 वॉट सेन्सिबल, म्हणजे हवा तापवणारी उष्णता, आणि 55 वॉट लेटंट, म्हणजे घामाच्या वाफेतली, म्हणजे 4050 आणि 2970 वॉट.

लाइट. 36 वॉटचे 64 एलईडी पॅनल आणि केबिनमध्ये 12 वॉटचे 22 डाउनलाइट, एकूण 2568 वॉट. स्क्वेअर फुटाला दीड वॉट हा ट्यूबलाइटच्या जमान्यातला हिशोब लावला असता तर 4800 आले असते, जवळजवळ दुप्पट. आता कुणी म्हणेल दिवसा एवढे लाइट कशाला, थोडे कमी धरा. मी पण तसंच करणार होतो, पण 12 तारखेला पावणेचारला बघितलं तर पश्चिमेच्या रांगेतल्या पोरांनी सगळे ब्लाइंड खाली ओढलेले, दोघांनी तर काचेवर फ्लिपकार्टच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला, आणि आत अंधार झाला म्हणून सगळे लाइट चालू. म्हणजे ऊन जितकं जास्त तितके लाइट जास्त. म्हणून युज फॅक्टर पूर्ण 1 धरलाय, एक वॉट पण कमी केला नाही.

आता काच, सगळा खेळ इथंच आहे. पश्चिमेला 38 चौरस मीटर साधी 6 एमएमची सिंगल काच, एसएचजीसी, म्हणजे पडलेल्या उन्हाचा जेवढा हिस्सा आत येतो तो, 0.82. चार वाजता या काचेवर मी 620 वॉट प्रति चौरस मीटर ऊन धरलंय. ब्लाइंडचा 0.75 आणि फर्निचर, फरशी उष्णता धरून ठेवतात त्याचा 0.8 लावला:

38 × 620 × 0.82 × 0.75 × 0.8 = 11,591 वॉट

म्हणजे 3.3 टन फक्त एका बाजूच्या काचेतून, 54 माणसांच्या सगळ्या गरमीपेक्षा दीडपट जास्त. ब्लाइंड आतून असतो, ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं आणि ब्लाइंड स्वतः तापून खोलीत उष्णता सोडत बसतो, म्हणून त्यानं चौथा हिस्साच अडतो. काचेला 0.40 एसएचजीसीची फिल्म लावली तर (ब्लाइंडचा फायदा मग कमी होतो, 0.85 धरला) हाच आकडा 6408 होतो. फरक 5183 वॉट, जवळजवळ दीड टन. 409 स्क्वेअर फूट काचेला 110 रुपये भावानं 45 हजार लागतात, आणि व्हीआरएफचं, म्हणजे एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणाऱ्या एसीचं, आत्ताचं कोटेशन बसवून टनामागं 52 हजार आहे, म्हणजे दीड टनाचे 76 हजार आणि वरून दर महिन्याचं बिल. मला यात विचार करायसारखं काही दिसत नाही. एक अट, फिल्मवाल्याकडून एसएचजीसीचं टेस्ट सर्टिफिकेट घ्या, नुसती काळी फिल्म दिसायला गडद असती पण उष्णता अडवीलच असं नाही.

उत्तरेची 14 चौरस मीटर काच लोक शून्य धरतात. आपल्याकडं ते चालत नाही, मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जूनभर उत्तरेकडं झुकलेला राहतो, संध्याकाळी त्या खिडक्यांतून तिरकं ऊन येतंच. तिथं चौरस मीटरला 180 वॉट, एसएचजीसी 0.82 आणि 0.85 चा गुणक धरून 1756 वॉट आले. शिवाय दोन्ही बाजूच्या 52 चौरस मीटर काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकानं उष्णता येते, काचेचा यू, म्हणजे एका डिग्रीच्या फरकाला दर चौरस मीटरमधून येणारे वॉट, 5.8 धरून 52 × 5.8 × 17 डिग्री, म्हणजे 5127 वॉट. हे फिल्मनं कमी होत नाही, डबल ग्लास लावली तर होईल पण सध्याच्या फ्रेममध्ये ती बसत नाही.

भिंती पटकन सांगतो, पश्चिम 1250, उत्तर 552, लॉबीची पार्टिशन भिंत 1674, मिळून 3476 वॉट. छत मात्र जड आहे, ब्रिकबॅट कोबा, स्लॅब आणि फॉल्स सीलिंग मिळून यू 1.5 आणि 20 डिग्रीचा फरक, 8910 वॉट. गच्चीवर इन्सुलेशन टाकलं असतं तर यातले सहा हजार वॉट वाचत होते, पण मालक ‘गच्चीला हात लावायचा नाही, पांढरा रंग मारून देतो’ म्हणतोय. रंगाचा फायदा मी हिशोबात धरला नाही. पहिल्या वावटळीला तो रंग मळतो, दर उन्हाळ्यात कोण धुणार.

इक्विपमेंट. लॅपटॉपच्या चार्जरवरचा आकडा घेतला नाही, प्लगला मीटर लावून मोजलं. लॅपटॉप आणि मॉनिटर मिळून 70 वॉट, असे 34. जुने डेस्कटॉप 110 वॉटचे 16. दोन मोठे प्रिंटर मिळून सरासरी 500, पँट्रीत चहाचं मशीन आणि फ्रीज 600, टीव्ही 250. बेरीज 5490, सगळं एकदम चालत नाही म्हणून 0.85, म्हणजे 4667. सर्व्हर रॅक आणि यूपीएस यात नाहीत, त्या खोलीला वेगळे दोन स्प्लिट द्यायचेत, एक चालू एक स्टँडबाय, ती रात्री पण थंड लागते.

या 4667 वर मी 20 टक्के मार्जिन दिलंय, 5600 वॉट. पुढं डिझाइनची टीम येणार, त्यांचे मशीन जास्त गरम होतात असं तुम्ही सांगितलंय, म्हणून हे मार्जिन इक्विपमेंटलाच दिलं, बाकी कुठंच नाही. शेवटी पूर्ण बेरजेवर एकदा 5 टक्के, बस. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका हॉलला माणसांवर 10, लाइटवर 10, परत बेरजेवर 15 असं घातलं होतं. सेफ राहू म्हणून. मशीन एवढं मोठं झालं की खोली चटकन थंड होऊन दर सात-आठ मिनिटाला बंद व्हायचं, पावसाळ्यात लोकांना थंडी पण वाजायची आणि चिकचिक पण व्हायची. तो धडा अजून विसरलो नाही.

फ्रेश एअर माणसी 5 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 5 घनफूट, आणि दर स्क्वेअर फुटाला 0.06, एकूण 462 सीएफएम. सेन्सिबल 4185, लेटंट फक्त 860, आपली मेची हवा कोरडी ठणठणीत असती म्हणून. कॅसेट, म्हणजे छतात बसणाऱ्या इनडोअर युनिटच्या पंख्यांची गरमी 800.

सगळं एका ठिकाणी, फिल्म लावून, वॉटमध्ये:

माणसं (सेन्सिबल) 4050
लाइट 2568
इक्विपमेंट, मार्जिनसकट 5600
काचेतून ऊन 8164
काचेतून वहन 5127
भिंती 3476
छत 8910
पंखे 800
फ्रेश एअर (सेन्सिबल) 4185
लेटंट, माणसं आणि हवा 3830
बेरीज 46,710
5 टक्के धरून 49,046 म्हणजे 13.95 टन

टनामागं 229 स्क्वेअर फूट पडलं. टॉप फ्लोअरला एवढे कमी टन कसे, असं कुणी विचारलं तर लाइट आणि फिल्मचे आकडे दाखवा.

आता मशीन. कॅटलॉगची क्षमता 35 डिग्रीला असती, आपल्या गच्चीवर चार वाजता 43 च्या वर जातं, तिथं मशीन 92 टक्केच देईल असं धरलंय. 49,046 ला 0.92 नं भागलं तर 53.3 किलोवॉट, म्हणून 20 एचपी, 56 किलोवॉट. एकच 20 घेऊ नका, 10-10 च्या दोन सिस्टिम वेगळ्या पायपिंगनं घ्या, एक बंद पडली तर निम्मं ऑफिस तरी चालतं. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या पॅरापेटला चिकटवून ठेवू नका, गरम हवा फिरून परत त्याच कॉइलमध्ये जाती.

जुलैचं पण तपासलं, बाहेर 30 आणि वेट बल्ब 25 धरून. ऊन कमी पण फ्रेश एअरचा लेटंट 860 चा 5600 होतो, एकूण साधारण 34 किलोवॉट. 56 चं मशीन 61 टक्क्यावर चालेल, ओल काढत राहील. 26 टनवालं 37 टक्क्यावर चालू-बंद, चालू-बंद करत बसलं असतं, माझ्या त्या हॉलसारखं.

पश्चिमेची रांग आणि कॉन्फरन्स रूम यांना वेगळ्या कॅसेट आणि वेगळे थर्मोस्टॅट द्यायचेत, नाहीतर सकाळी पूर्वेकडचे कुडकुडणार आणि संध्याकाळी पश्चिमेकडचे ओरडणार. फिल्मचं हो किंवा नाही मला कॉपर पाइपची ऑर्डर जायच्या आत कळवा, नाही म्हणालात तर 54,488 वॉट म्हणजे साडेपंधरा टन धरून 22 एचपीचं नवं शीट बनवावं लागेल, आणि ते पुठ्ठे मात्र तोपर्यंत राहू द्या, काचेतलं ऊन थोडंफार तरी अडवायलेत.