संजय तुकाराम

पाचवीत आम्ही तिघे संजय होतो. त्यामुळे बाई हजेरी घेताना वडिलांच्या नावासकट पुकारायच्या. माझी हाक होती, ‘संजय तुकाराम’.

काल 15 ऑगस्टला झेंडावंदनासाठी शाळेत गेलो. 1991ला दहावी झाल्यावर पुन्हा फिरकलोच नव्हतो. करी रोडला उतरलो आणि पाय आपोआप त्या गल्लीत वळले. आमची चाळ गेली, आण्णांची गिरणी गेली, त्या जागी मान वर करून बघावे लागणारे टॉवर आले. शाळा मात्र तिथेच. सागवानी जिना, आमच्या घसरण्याने गुळगुळीत झालेला कठडा आणि घंटा म्हणून टांगलेला तोच रुळाचा तुकडा. बाक एवढे बुटके होते?

कार्यक्रम संपला. चहा घेताना पाचवीच्या वर्गात खुर्चीवर एक आजी बसलेल्या दिसल्या. पांढरीशुभ्र सुती साडी, मांडीवर छत्री. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "बाई, मी..."

"थांब." त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट बघितलं. "संजय तुकाराम ना?"

मला पुढे बोलताच येईना. आण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. फॉर्मवर त्यांचं नाव मी लिहितो, पण माझ्या नावाला जोडून ते कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या दोन शब्दांत आण्णा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

1982च्या गिरणी संपानंतर आमच्या घरात जे हाल झाले, तेच अख्ख्या लालबाग-परळमध्ये झाले. वर्गात निम्म्याहून जास्त मुलांचे वडील घरी बसलेले. जून आला की बाई वरच्या वर्गातल्या मुलांची जुनी पुस्तकं गोळा करायच्या. सुट्टीत बसून सगळ्यांना नवी खाकी कव्हरं घालायच्या. कुणाचं पुस्तक नवं, कुणाचं जुनं, बाकावर कधी कळलंच नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "अरे, कव्हरं तर तुझी आईच शिवून द्यायची माझ्याबरोबर." आई हे आजवर कधी बोलली नाही! काल रात्री विचारलं, तर नुसती हसली.

निघताना बाईंनी हात धरला. "आशीर्वादाचा रफार अजून चुकवतोस का रे?" चौथ्या घटक चाचणीपर्यंत मी तो ‘शी’वरच देत होतो, हेही लक्षात! वर शिस्त तीच: "तोंडी नको, फळ्यावर लिहून दाखव."

फोटोत आमच्या मागे फळ्यावर दिसतोय तो शब्द माझा आहे. खडूने, जरा तिरका. रफार ‘वा’वर आहे. बाईंनी तपासलाय.

#माझीशाळा #आमच्याबाई #लालबाग